फायनलच्याच सकाळी पिचचं एक टोक ओलं का निघतं? (समस्या निवारण)

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या मैदानावरची भानगड हीच आहे की वेगळी, ते कळेल.

लीगचे सामने नीट होतात, सेमीफायनलही होते. फायनलच्या सकाळी ताडपत्री काढली की पॅव्हेलियनकडच्या टोकाला, यष्टींपासून साधारण सात मीटरवर, काळपट ओला पट्टा दिसतो. दुसरं, वडाच्या झाडाकडचं टोक ठणठणीत कोरडं. पहिल्या तासात त्या पट्ट्यावर पडलेला चेंडू थांबून येतो आणि मातीत शिवणीचा वळ उमटतो. अकराला ऊन तापलं की ते वळ आहेत तसेच वाळून टणक होतात. मग दुसऱ्या डावात एकाच टप्प्यावरचा एक चेंडू घोट्याला लागतो आणि पुढचा बरगडीला. सामना संपला की हरलेली टीम ग्राउंड्समनकडे बोट दाखवते आणि जिंकलेली टीम गप्प बसते.

हे नाशिकच्या जानेवारीतलं. मैदान काळ्या मातीचं, स्पर्धा स्थानिक, चेंडू लेदरचा, चाळीस-चाळीस षटकांची फायनल रविवारी सकाळी ९ वाजता. अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असतो तेव्हा पिचभोवती माणसांची फौज असते. आमच्याकडे ग्राउंड्समन तात्या, त्यांचा भाचा, रात्रीचा वॉचमन आणि जी पोरं वेळेवर उठतील ती.

या ओलीला दरवर्षी मिळणारं उत्तर म्हणजे दव. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी पेपरात आली की कमिटीतला प्रत्येक जण दवाचा तज्ज्ञ होतो. पण दव टोक बघून पडत नाही. उघड्या पिचवर ते सगळीकडे सारखं बसतं, वरचा एखाद-दोन मिलिमीटरचा थर मऊ करतं आणि ऊन आल्यावर तास-दीड तासात उडून जातं. लीगच्या सामन्यांना आम्ही ताडपत्री घालतच नाही. तेव्हाही दव पडतं आणि तेव्हा ही तक्रार नसते. म्हणजे ज्या रात्री पिच झाकलं त्याच रात्री ते ओलं निघतं, आणि तेही एकाच टोकाला. तात्यांनी यंदा सुरुवातच या दोन गोष्टींपासून केली.

ओल दिसली की सगळ्यात आधी ती किती खोल आहे ते बघायचं. त्यासाठी तात्यांच्या खिशात एक जुना पेरू कापायचा चाकू असतो. खेळाच्या टप्प्यात नको, क्रीजच्या मागे किंवा पिचच्या कडेला चाकू हळूच दाबायचा. वरचा थर लोण्यासारखा कापला गेला आणि लगेच खाली टणक लागलं, तर पाणी वरून आलंय. पातं दोन इंच सहज उतरलं आणि बाहेर काढल्यावर त्याला काळी माती चिकटून आली, तर ओल आतली आहे. म्हणजे शेवटचं पाणी उशिरा दिलं गेलंय किंवा जास्त दिलं गेलंय, आणि त्याला फायनलच्या सकाळी कुठलाच उपाय नाही. पावसाळी हवेत किंवा थंडीत काळी माती पाणी सोडायला फार वेळ लावते. तिच्यातला चिकण अंश जास्त असतो आणि ती पाणी पिऊन फुगते. म्हणून तात्या रविवारच्या फायनलसाठी शेवटचं भरपूर पाणी बुधवारी सकाळी देतात. गुरुवारी आणि शुक्रवारी माती वाळत जाईल तसतसा जड रोलर फिरवतात, आणि शनिवारी पाण्याचा थेंबही नाही.

रोलर कधी फिरवायचा हेही मातीच सांगते. चिमूटभर माती घेऊन तळव्यावर वळायची. शेवयांसारखी बारीक लांब वळी होत गेली तर माती अजून ओली आहे, रोलर चिकटेल. साधारण तीन मिलिमीटर जाडीवर आल्यावर वळी तडकून तुटायला लागली, की रोलरची वेळ झाली. वळी होतच नसेल, नुसता भुगा पडत असेल, तर उशीर झाला. मग कितीही रोलर फिरवा, माती दबत नाही, नुसती पॉलिश होते.

आमच्याकडे चाकू लगेच टणक जागेवर अडत होता. ओल वरूनच येत होती.

आता वरून पाणी आणणार कोण? पाऊस नाही, ताडपत्री आहे. उत्तर ताडपत्रीच्या पाठीवर होतं. आमची ताडपत्री ८० बाय १५ फूट, म्हणजे साधारण ११० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दव काही मिलिमीटरभर पडत नाही. पण चांगल्या थंडीच्या रात्री त्याचा पाचवा हिस्सा जरी धरला, तरी ताडपत्रीवर वीस-बावीस लिटर पाणी होतं. भरलेल्या बादलीपेक्षा जास्त. बघताना मात्र नुसती ओलसर चमक दिसते, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

आणि ही ताडपत्री पोरं काढतात कशी? पॅव्हेलियनमधून निघतात, जवळचं टोक धरतात आणि सगळी ताडपत्री लांबीच्या दिशेने आपल्याकडे ओढत नेतात. ओढताना पाठीवरचं पाणी मागच्या काठाकडे सरकतं. पोटाला घामासारखे जे थेंब धरलेले असतात, तेही घासून पिचवर पुसले जातात. मागचा काठ वडाकडच्या टोकावरून निघून पॅव्हेलियनच्या टोकाला येईपर्यंत, त्या ओल्या काठाने अख्खं पिच पुसलेलं असतं. पंधराएक मीटर ओढून झालं की ताडपत्रीचा बराच भाग आउटफिल्डच्या भिजलेल्या गवतावर पोचतो आणि ओढ जड होते. पोरं दम खायला थांबतात. त्या वेळी मागचा काठ कुठे असतो? पॅव्हेलियनकडच्या यष्टींपासून बरोबर सात मीटरच्या आसपास. पुन्हा एक, दोन, तीन म्हणत हिसका दिला की साचलेलं पाणी मागच्या काठावरून तिथेच सांडतं. गोलंदाजाला हवा असतो तो गुड लेंथचा टप्पा हाच.

हे कळल्यावर तात्यांनी कोणाशी वाद घातला नाही. शुक्रवारी रात्री त्यांनी शेजारच्या सरावाच्या पट्टीवर तीच ताडपत्री घातली. शनिवारी पहाटे पोरांना सांगितलं, "आज उलट्या बाजूने ओढा रे. वडाकडून."

"तिकडून चढ लागतो तात्या."

"लागू दे. ओढ तू."

ताडपत्री निघाली तेव्हा सरावाच्या पट्टीचं वडाकडचं टोक ओलं होतं आणि पॅव्हेलियनचं कोरडं. कमिटीतले एक काका तरी म्हणालेच, "आज दव त्या बाजूला जास्त पडलं असेल." तात्यांनी त्यांना चहा दिला.

ज्यांना हा दोष स्वतःच्या मैदानावर तपासायचाय त्यांनी एवढंच करावं. ओढण्याची दिशा बदला. ओल टोक बदलते का ते बघा. बदलली तर कारण सापडलं. नाही बदलली, तर त्या टोकाचा उतार, जवळचा नळ, शेजारच्या पट्टीला दिलेलं पाणी यांच्याकडे वळा.

मग उपाय. ताडपत्रीच घालू नये, हा खरा सोपा उपाय, आणि माझं मतही तेच आहे. कोरड्या थंडीत प्लास्टिकची ताडपत्री पिचचं जेवढं भलं करते तेवढंच बुरं करते. दिवसभर तापलेल्या जमिनीतली वाफ रात्री वर येते, थंड प्लास्टिकला अडते आणि पाणी होऊन खाली टपकते. पण फायनलच्या आदल्या रात्री पिच उघडं ठेवायला कुठली कमिटी तयार होते? मोकाट गुरं, कुत्री, रात्री सायकल घालणारी पोरं ही कारणं खोटीही नाहीत. तेव्हा ताडपत्री राहिली, घालायची पद्धत बदलली.

पिचवर आधी कोरडं तरट अंथरलं. धुतलेलं, सुतळीचे धागे न सोडणारं. त्याच्यावर पिचच्या मधोमध, लांबीच्या रेषेत, थोड्या थोड्या अंतरावर रिकामे क्रेट उपडे ठेवले. हे क्रेट टीममधल्या एका मुलाने पिंपळगावकडच्या आपल्या द्राक्षबागेतून आणले होते. क्रेट हलके असतात आणि खाली तरट असतं, त्यामुळे पिचवर वळ उठत नाही. क्रेटवर आडवे बांबू टाकले आणि त्यावर ताडपत्री. मध्ये जेमतेम फूटभर उंचवटा होतो, पण तेवढ्याने दोन कामं होतात. वरचं दव दोन्ही बाजूंना ओघळून पिचच्या बाहेर जातं. आतला घामही प्लास्टिकवरून कडेला सरकतो, आणि जे टपकतं ते तरट पितं. कडा विटांनी पक्क्या दाबल्या नाहीत, वाऱ्यापुरत्या धरल्या, म्हणजे आत हवा खेळते.

तो बागवाला मुलगा क्रेट उतरवताना म्हणाला, "आमच्या बागेत दव पडलं की आमचे आबा रात्रभर झोपत नाहीत, तात्या. द्राक्षांवर डाऊनी रोग येईल म्हणून." तात्या म्हणाले, "मग मला कळतील ते."

रविवारी पहाटे चार वाजता तात्या मैदानावर आले. सूर्य सात-दहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे तीन तास अंधार. एवढ्या लवकर कशाला, असं पोरांना वाटतं. ताडपत्री तेव्हा काढायची नसतेच. उजाडायच्या आधी काढली तर उरलेल्या तीन तासांत उघड्या पिचवर ताजं दव बसेल. दव सूर्य वर येईपर्यंत पडतच असतं. चारला यायचं ते फक्त कळून घ्यायला. काही बिघडलं असेल तर ते चारला कळलं की हातात पाच तास असतात, आणि आठला कळलं की एक.

वॉचमनने टॉर्च धरला. तात्या गुडघ्यावर बसले, कडेची ताडपत्री वीतभर उचलली आणि हात आत घालून तरट चाचपलं. हे चार ठिकाणी. वडाकडच्या टोकाला तरट दमट होतं, पण त्याखालची माती नखाला टणक. मधोमध तसंच. पॅव्हेलियनच्या टोकाला, उजव्या हाताच्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, तरट पिळावं इतकं भिजलेलं.

"मामा, पुन्हा तिथेच," भाचा म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

"ताडपत्री कोणी ओढली का अजून?"

"नाही."

"मग हे ते नव्हे. वर बघ."

टॉर्च ताडपत्रीवर मारला. दोन बांबूंची टोकं जिथे एकमेकांवर यायला हवी होती तिथे ती सुटली होती, आणि मध्ये झोळ पडला होता. झोळात तांब्याभर पाणी साचलेलं. ताडपत्रीची शिवण नेमकी त्यातून जात होती. रात्रभर तिथून थेंब थेंब गळलं होतं. तरटाने प्यायलं तेवढं प्यायलं, उरलेलं खाली गेलं.

आधी झोळातलं पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळलं. मग आतून हात घालून बांबू जुळवला, ताडपत्री ताणली. त्यानंतर फक्त तेवढ्या भागातलं भिजलेलं तरट काढलं आणि खाली चाकू लावला. इथे टप्प्यातच चाकू लावावा लागला, तोही टोकाने, अगदी हलका. तीन-चार मिलिमीटर मऊ, खाली टणक. ओली जागा दोन तळहातांएवढी. मागच्या वर्षीचा पट्टा पिचच्या रुंदीभर होता, त्यामानाने हे काहीच नाही, पण टप्पा तोच.

आता कोरडं कसं करायचं, इथे माणसं सगळ्यात जास्त घोळ घालतात.

जुन्या धुतलेल्या धोतराच्या घड्या करून तात्यांनी त्या जागेवर ठेवल्या, वर फळी आणि फळीवर दोन विटा. दाबून पाणी वर ओढायचं, घासायचं नाही. घासलं की ओली माती सारवली जाते, वर चकचकीत साय धरते आणि खालची ओल अडकते. दर थोड्या वेळाने घडी उलटायची, भिजली की बदलायची. भाच्याने पॅव्हेलियनमधला उभा पंखा आणायचं विचारलं. तात्या म्हणाले, "आत्ता नको. बाहेरची हवाच ओली आहे, ती फिरवून काय वाळणार? ऊन येऊ दे."

पावणेसहाला कमिटीची माणसं यायला लागली. एकाने जड रोलर काढायला सांगितलं, म्हणजे "दाबून सपाट होईल." ओल्या काळ्या मातीवर रोलर गेला की माती रोलरला चिकटून पापुद्र्यासारखी उचलली जाते. तिथे खळगा पडतो, आणि उचललेली माती पुढच्या फेरीत भलतीकडे चिकटते. दुसऱ्याने कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची कोळशाची इस्त्री आणायची तयारी केली. हा उपाय मोठमोठ्या मैदानांनी केलेला आहे. ५ जानेवारी २०२० ला गुवाहाटीत भारत-श्रीलंका टी-ट्वेंटीच्या वेळी पिचवर पाणी गळलं होतं. तिथे इस्त्री, हेअर ड्रायर, व्हॅक्यूम क्लीनर सगळं चालवून झालं आणि शेवटी एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला. इस्त्रीने वरचा कागदाएवढा थर भाजतो, आकसतो आणि त्याची खपली होते. खाली ओल तशीच राहते. त्यावर पहिलाच वेगवान चेंडू पडला की खपली उडते. वाळू किंवा लाकडाचा भुसा हा तिसरा सल्ला. गोलंदाजाच्या पावलांखाली भुसा ठीक आहे, टप्प्यात नाही. माती एकमेकीला धरत नाही आणि तिथला भाग कायमचा सुटा होतो.

तात्यांनी तिघांचं ऐकून घेतलं आणि फळी उचलून धोतराची घडी बदलली.

सव्वासातला ऊन वडाच्या शेंड्यावर आलं. पिचवर ऊन पडेपर्यंत थांबून मग आठ पोरांना ताडपत्रीच्या एका लांब बाजूला, दर तीन मीटरवर एक, असं उभं केलं. आधी वरचं पाणी उतरवलं. दोन पोरांनी एक जाड दोर ताडपत्रीच्या दोन टोकांना धरून मधल्या उंचवट्यापासून कडेकडे सरकवत नेला, मग तसाच दुसऱ्या बाजूला. कडेच्या गवतात पाणी गेलेलं दिसत होतं. त्यानंतर आठही जणांनी काठ एकदम कमरेइतका उचलला आणि रुंदीच्या दिशेने चालत पलीकडे नेला. ओढायचं नाही, उचलून न्यायचं. पंधरा फुटांचंच अंतर, दहा पावलं नाहीत. दम खायला थांबायची वेळच येत नाही. मग बांबू, क्रेट आणि शेवटी तरट. तरटही गुंडाळत नेलं नाही, दोन्ही कडांनी उचललं.

पिच उघडं झालं तेव्हा सगळीकडे एकसारखं फिकट करडं दिसत होतं. फक्त ती दोन तळहातांची जागा गडद. साडेसातला पंखा आला, जागेपासून पाचेक फुटांवर, कमी वेगात. ऊन आणि वारा दोन्ही मिळाले की काळी माती वरून झपाट्याने रंग सोडते, पण रंगावर विश्वास ठेवायचा नाही. तात्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून अंगठ्याने दाबला. कागदाला माती लागली. पाव तासाने पुन्हा दाबला, पुसट डाग आला. आठ वाजून गेल्यावर कागद कोरडा निघाला आणि अंगठ्याचा ठसाही उठला नाही. तेव्हा हलका रोलर काढला. तोही आधी वडाकडच्या टोकावरून एकदा नेला आणि रोलरचा पत्रा हात फिरवून तपासला. पत्रा स्वच्छ होता. मगच अख्ख्या पिचवर, चालण्यापेक्षाही सावकाश, मोजक्या फेऱ्या. त्या जागेवर धुम्मस मारायचा मोह भाच्याला झाला होता. तो टाळलेला बरा. धुम्मसाने तेवढाच भाग जास्त दबतो आणि आजूबाजूच्या पिचपेक्षा वेगळा वागायला लागतो.

चुन्याच्या रेषा सगळ्यात शेवटी. बोलिंग क्रीज २.६४ मीटर, पॉपिंग क्रीज तिच्या पुढे १.२२ मीटर. ओल्या मातीवर चुना पसरतो आणि रेषेची जाडी वाढते. मग नो-बॉलवरून भांडण, म्हणून घाई नको.

टॉस नियमाप्रमाणे खेळ सुरू व्हायच्या आधी तीस ते पंधरा मिनिटांच्या आत होतो, म्हणजे साडेआठ ते पावणेनऊ. दोन्ही कॅप्टन आले आणि दोघांचीही नजर लगेच त्या जागेवर गेली. रंगाचा फरक थोडा राहिलाच होता. ज्याच्याकडे दोन चांगले वेगवान होते तो खूश दिसला. दुसरा म्हणाला, "तात्या, याही वर्षी?"

तात्यांनी खिशातून जुना चेंडू काढला. खांद्याच्या उंचीवरून वडाकडच्या टप्प्यावर सोडला, मग याच उंचीवरून त्या जागेवर. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही. मोठ्या मैदानांवर चेंडू सोळा फुटांवरून सोडून उसळी मोजतात. पण दोन जागांची तुलना करायला खांद्याची उंची पुरते. वडाकडे चेंडू वीतभर उसळला. इथे त्याहून बोटभर कमी. तात्यांनी ते दोघांना दाखवलं आणि अंपायरनाही बोलावून दाखवलं. "पहिली पाच-सहा षटकं जरा थांबून येईल. वळ उठणार नाही. नंतर दोन्ही टोकं सारखी." टॉसच्या आधी पिचची जबाबदारी मैदानाची, सामना सुरू झाला की अंपायरची. तेव्हा जे आहे ते टॉसच्या आधी, दोघांच्या समोर सांगून टाकलं की दुपारी कोणाला बोलायला जागा राहत नाही.

टॉस जिंकणाऱ्याने गोलंदाजी घेतली. त्याच्या वेगवान गोलंदाजाचे पहिल्या दोन षटकांतले दोन चेंडू थोडे अडकले, एक फलंदाज कव्हरला झेल देऊन गेला. ड्रिंक्सला तात्या कुंपणापाशी येऊन त्या जागेकडे बघत होते. डावांच्या मधल्या सुट्टीत अंपायरबरोबर आत गेले. शिवणीचे पुसट डाग होते, बोटाला लागेल असा वळ एकही नव्हता. दुसऱ्या डावाआधी फलंदाजी करणाऱ्या कॅप्टनला रोलर मागता येतो, जास्तीत जास्त सात मिनिटं. त्याने हलका मागितला आणि तेवढाच फिरवला. दुसऱ्या डावात त्या टप्प्यावरून एकही चेंडू घोट्यावर बसला नाही.

आता ताडपत्रीच्या शिवणीचं. फायनल झाल्यावर सोमवारी ताडपत्री उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवली. ओली घडी घातली तर आत बुरशी धरते आणि शिवणीचा दोरा कुजतो. भोकं शोधायला दिवसा वेळ घालवू नका. रात्री दोन पोरांनी ताडपत्री डोक्यावर धरायची, तिसऱ्याने वरून टॉर्च फिरवायचा आणि चौथ्याने खाली उभं राहून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने गोल करायचा. आमच्या ताडपत्रीला शिवणीवर ठिपक्यांची रांगच निघाली. सुईच्या भोकांमधून दोरा सैल झाला होता. ताडपत्री शिवणाऱ्याने सगळी शिवण वरून पट्टी लावून चिकटवून दिली. ज्यांची ताडपत्री जुनी आहे त्यांनी ती घालतानाच शिवण कडेला, पिचच्या बाहेर येईल अशी फिरवून घ्यावी. मधोमध शिवण असेल आणि ती फिरवता येत नसेल, तर बांबूची टोकं तिच्याखाली एकमेकांवर हातभर तरी चढवून सुतळीने बांधा.